शिवी दुकानदाराच्या पथ्यावर पडते

"शिव्या घातल्याशिवाय इथे कुणी जागचं हलत नाही." बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात हे वाक्य रोज कानावर पडतं. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांत. वाईट सेवेबद्दल समाजमाध्यमावर काही लिहायचं झालं की बोटांना आधी शिवी सुचते, मग तक्रार. कुणी हटकलं तर उत्तर तयार असतं: साधं लिहिलं तर वाचतो कोण?

माझा या म्हणण्याला विरोध आहे, पण सभ्यपणाच्या आग्रहापोटी नाही. ज्याचे पैसे अडकले आहेत, ज्याच्या घरात फुगलेलं कपाट उभं आहे, त्याने चिडावं. त्याचा राग खरा आहे. मी शेजारपाजारच्या लोकांची तक्रारपत्रं बरीच वर्षं लिहून देते आहे आणि त्यावरून माझं मत असं झालं आहे की शिवीगाळीच्या मजकुराचा खरा फायदा समोरच्यालाच होतो. ग्राहकाच्या हातातला पुरावा शिवीखाली झाकला जातो आणि दुकानदाराच्या हातात त्याला हवा असलेला पुरावा आयता पडतो.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक मजकूर घेऊन बघू. आमच्या इमारतीतल्या एका तरुणाने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाट घेतलं होतं. बदलापुरात नवा फ्लॅट घेतला की फर्निचरसाठी उल्हासनगर गाठायचं, हा इथला रिवाजच आहे. भाव परवडतो, निवड भरपूर असते आणि टेम्पो तासाभरात घरी येतो. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने जो मजकूर टाकला तो खाली देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि दोन शब्द छापण्यासारखे नाहीत म्हणून गाळले आहेत.

"मित्रांनो या चोरांपासून सावध राहा!!! उल्हासनगरच्या या भामट्याने मला 42 हजाराला लुटलं. प्लायचं कपाट सांगून कचरा गळ्यात मारला. तीन महिन्यात सडलं. डिलिव्हरीला पण महिनाभर रखडवलं. फोन केला तर उचलत नाही हरामखोर. एक दारुडा मिस्त्री पाठवला त्याने काडेपेटीच्या काड्या भरून काम केलं. टॅक्स चोर आहेत साले, पक्कं बिल देत नाहीत. ही जमातच तशी, उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेटच. यांच्या दुकानाला टाळं लागेपर्यंत शेअर करा."

मजकुराखाली त्याने दुकानाच्या मालकाचा फोटो आणि मोबाईल क्रमांक टाकला होता. संध्याकाळपर्यंत मालकाचा फोन आला. म्हणून हा तरुण मला म्हणाला, "ताई, बघा. महिनाभर गोड बोलून काही झालं नाही, शिवी दिल्यावर चार तासांत फोन." त्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. फोन आला होता. पण तो कशासाठी आला होता ते विचारायला हवं. कपाटाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. "पोस्ट काढा, दोन हजार देतो, नाही काढली तर वकिलाची नोटीस पाठवतो," एवढंच बोलणं झालं. म्हणजे शिवीने दुकानदार हलला खरा, पण तो शिवीपुरताच हलला. भांडण कपाटावरून निघून मजकुरावर आलं. आता बचाव ग्राहकाला करायचा होता.

नोटिशीची धमकी पोकळ असते असं समजू नका. अब्रुनुकसानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो दंड संहितेच्या कलम 499 आणि 500 मध्ये होता. हा फौजदारी गुन्हा घटनेला धरून आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे. प्रत्यक्षात फर्निचरच्या भांडणातून कुणी तुरुंगात जाईल असं नाही, पण दंडाधिकाऱ्यासमोरच्या तारखा आणि वकिलाची फी यांनीही माणूस पुरेसा दमतो.

इथे दुसरं म्हणणं पुढे येतं: "खरं लिहिलंय तर घाबरायचं कशाला?" याच कलमात अपवाद दिलेले आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट हा पहिला अपवाद. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान हाही एक अपवाद. हे अपवाद ग्राहकाच्या कामाचेच आहेत, पण त्यांचा आसरा घ्यायचा तर आपण त्यात बसतो हे लिहिणाऱ्याला दाखवावं लागतं. मग वरच्या मजकुरातलं कोणतं वाक्य खरं म्हणून दाखवता येईल? 42 हजार दिले हे दाखवता येईल, कारण यूपीआयची नोंद आहे. कपाट उशिरा आलं हे निरोपांवरून दाखवता येईल. "चोर" कसं दाखवणार? चोर म्हणायला त्याच्या मनातला हेतू सिद्ध करावा लागतो. कदाचित दुकानदाराने जाणूनबुजून हलकी फळी लावली असेल. कदाचित तो स्वतः कपाटं बनवतच नसेल, एखाद्या कारखान्यातून तयार उचलत असेल आणि फळी तिथेच बदलली गेली असेल. आपल्याला ते माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूतला दोष किंवा सेवेतली त्रुटी दाखवायला विक्रेत्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. ठरलेला दर्जा मिळाला नाही, एवढं पुरतं. जे सिद्ध करायची गरज नाही ते ओरडून सांगायचं आणि जे सहज सिद्ध होतं ते "कचरा" या एका शब्दात गुंडाळून टाकायचं, यात ग्राहकाचं कोणतं हित साधलं?

मी त्या तरुणाला विचारलं, "कचरा म्हणजे काय? दाखव मला." आम्ही त्याच्या घरी कपाटासमोर बसलो. तीन दारी कपाट, बेडरूममध्ये, ओल नसलेल्या आतल्या भिंतीला लावलेलं. खालची आडवी फळी उजव्या कोपऱ्यात फुगली होती. स्टीलची पट्टी लावली तर 18 मिलिमीटरची फळी त्या कोपऱ्यात 22 मिलिमीटर भरली. तिसऱ्या दाराची खालची बिजागरी सुटली होती. तिचा स्क्रू निघालेल्या भोकात मिस्त्रीने काडी आणि फेव्हिकॉल भरलं होतं, तेही बाहेर आलं होतं. मोबाईलचा प्रकाश त्या भोकात टाकला आणि सगळा उलगडा झाला. प्लायवुड कापलं किंवा भोक पाडलं की कडेला एकावर एक पातळ पापुद्रे दिसतात, एकाचे तंतू आडवे तर दुसऱ्याचे उभे. इथे पापुद्रे नव्हते, दाबून चिकटवलेल्या लाकडाच्या बारीक चिपा होत्या. तो पार्टिकल बोर्ड होता. त्यात स्क्रूची पकड एकदा गेली की पुन्हा धरत नाही, आणि उघड्या कडेने पाणी शोषलं की फळी जाडीत फुगते आणि मग तशीच राहते. बदलापूरच्या पावसाळ्यात, फरशी पुसण्याच्या पाण्याने, हे व्हायला फार वेळ लागत नाही.

दुकानाने दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर मात्र दुकानाच्या माणसाच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "3 डोअर, बीडब्ल्यूआर प्लाय 18 एमएम." बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यातही पापुद्रे सुटू नयेत अशा गोंदाने चिकटवलेलं प्लाय. भारतीय मानक 303 मध्ये हा दर्जा दिलेला होता आणि बाजारात त्याला सरळ वॉटरप्रूफ प्लाय म्हणतात. चिठ्ठी एक सांगते, भोक दुसरं सांगतं. एवढा मोठा पुरावा घरात उभा असताना या माणसाने तो मजकुरात आणला नव्हता, कारण त्याची सगळी जागा "हरामखोर"ने खाल्ली होती.

आता संयमाचा भाग, आणि माझ्या अनुभवात लोकांना हाच सगळ्यांत जड जातो. आम्ही दोन ठिकाणी चिपा पाहिल्या, खालच्या फळीच्या फुगलेल्या कडेला आणि बिजागरीच्या भोकात. दारं कशाची आहेत ते पाहिलं नव्हतं. त्यामुळे "संपूर्ण कपाट पार्टिकल बोर्डचं आहे" असं लिहिता येत नाही. दारं खरोखर प्लायची निघाली तर दुकानदार त्या एका चुकीच्या वाक्यावर बोट ठेवील आणि बाकीची खरी वाक्यंही संशयात जातील. जिथे पाहिलं तिथलंच लिहायचं. "तीन महिन्यात सडलं" हेही तसंच. कपाट आलं 11 मे रोजी आणि फळी फुगलेली पहिल्यांदा दिसली 4 जुलैला. म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते. खरी गोष्ट त्याने रंगवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वाईट होती. उशिराच्या बाबतीत उलट. वायदा 20 एप्रिलचा होता, म्हणजे 21 दिवस उशीर, "महिनाभर" नाही. रागात माणूस तारखा गोल करतो आणि दुकानदाराला "बघा, खोटं बोलतोय" म्हणायची सोय करून देतो.

"टॅक्स चोर" या शब्दावर मी त्याला थेट प्रश्न केला: पक्कं बिल मागितलं होतं का? त्याने सांगितलं की जीएसटीचे 18 टक्के वाचावेत म्हणून कच्च्या चिठ्ठीला त्यानेच होकार दिला होता. मग हा आरोप त्याच्या तोंडी शोभत नाही आणि टिकतही नाही. पहिल्याच उत्तरात दुकानदार तो त्याच्यावर उलटवू शकला असता. बिल न देणं ही कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे हे खरं, पण ज्या व्यवहारात आपण स्वतः ते नको म्हटलं तिथे त्या कलमाचा आव आणू नये. पक्कं बिल नाही म्हणून तक्रार बुडत नाही. चिठ्ठी, यूपीआयच्या दोन नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं यांवरून खरेदी सिद्ध होते. बिलाचा मुद्दा त्याने सरळ वगळावा, असं मी सांगितलं.

"दारुडा मिस्त्री" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. ज्या माणसाला दुकानाने सुटे भाग न देता, फळी बदलायची परवानगी न देता पाठवलं, त्याने हातात होतं त्यातून भोक भरलं. तो प्यालेला होता याला आधार काय? "डोळे लाल होते." रोजंदारीवरच्या माणसाची अशी बदनामी केली तर त्याचं काम जाऊ शकतं, आणि ग्राहकाला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. करार दुकानाशी झाला, पैसे दुकानाने घेतले, जबाबदारी दुकानाची. मिस्त्री, हमाल, टेम्पोवाला यांचं नाव, फोटो, नंबर मजकुरात असता कामा नये. मालकाचा खासगी मोबाईल आणि चेहराही नको. दुकानाचं नाव आणि पत्ता पाटीवर लिहिलेलेच असतात, तेवढे द्यावेत.

आणि मग ते वाक्य: "ही जमातच तशी, उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेटच." यावर मी त्याच्याशी खूप वेळ वाद घातला. तो म्हणाला, "सगळेच म्हणतात." म्हणतात, हे मला ठाऊक आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली, 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी जे हाताला येईल ते बनवून विकत बाजार उभा केला. या बाजारात हलका माल मिळतो तसा चांगलाही मिळतो, आणि आपल्यापैकी कितीतरी घरं त्याच बाजाराच्या भावामुळे सजली. एका दुकानाने एका कपाटात लावलेल्या फळीचा हिशोब एका समाजाकडे आणि एका शहराकडे मागायचा हा अन्याय आहे, आणि तो आपण रोजच्या बोलण्यात इतका सहज करतो याचा मला संताप येतो. बदलापूरकर म्हटलं की लोक काय काय बोलतात ते आपल्यालाही माहीत आहे. ते ऐकताना आपल्याला कसं वाटतं? शिवाय असं वाक्य ग्राहकाच्याही मुळावर येतं. जन्मस्थान, भाषा, समाज यांवरून वैर पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम 196 चा विषय आहे. प्रत्येक हलकं वाक्य त्यात बसेल असं नाही, पण दुकानदाराला पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला ते निमित्त पुरतं. त्याहून थेट परिणाम म्हणजे त्याच बाजारातले प्रामाणिक दुकानदार, जे कदाचित म्हणाले असते की याने चुकीचं केलं, तेही आता मालकाच्या बाजूने उभे राहतात.

एवढं झाल्यावर आम्ही मजकूर पुन्हा लिहिला. तो असा:

"(दुकानाचं नाव), फर्निचर बाजार, उल्हासनगर येथून मी 8 एप्रिल रोजी तीन दारी कपाट 42,000 रुपयांना ठरवलं. दुकानाने दिलेल्या चिठ्ठीवर 'बीडब्ल्यूआर प्लाय 18 एमएम' असं लिहिलं आहे (फोटो 1). त्या दिवशी 15,000 रुपये आगाऊ दिले. 20 एप्रिलपर्यंत कपाट देतो असं सांगितलं होतं. ते 11 मे रोजी आलं. उरलेले 27,000 रुपये त्याच दिवशी दिले.

4 जुलै रोजी खालची फळी उजव्या कोपऱ्यात फुगलेली दिसली. ती तिथे 22 मिलिमीटर भरते (फोटो 2, पट्टीसह). तिसऱ्या दाराची खालची बिजागरी सुटली आहे. बिजागरीच्या भोकात आणि फुगलेल्या कडेला प्लायचे थर दिसत नाहीत, लाकडाच्या दाबलेल्या चिपा दिसतात (फोटो 3 आणि 4). दारं आणि इतर फळ्या मी तपासलेल्या नाहीत. कपाट बेडरूममध्ये कोरड्या भिंतीला आहे (फोटो 5).

मी दुकानाला 4, 9 आणि 15 जुलैला व्हॉट्सअॅपवर फोटोंसह कळवलं. 18 जुलैला एक कारागीर आला, त्याने भोक भरून बिजागरी बसवली. ती चार दिवसांत पुन्हा सुटली. 22 आणि 27 जुलैच्या निरोपांना उत्तर आलेलं नाही. टेम्पोवाल्यांनी कपाट चौथ्या मजल्यावर नीट चढवून दिलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

माझी मागणी: खालची फळी आणि बाजूच्या फळ्या चिठ्ठीप्रमाणे बीडब्ल्यूआर प्लायच्या लावून द्याव्यात, किंवा कपाट परत घेऊन 42,000 रुपये द्यावेत. 20 ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर मिळालं नाही तर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. दुकानाने यावर काही सांगितलं तर ते मी इथे जसंच्या तसं देईन."

हे वाचून इमारतीतल्या एका काकांनी नाक मुरडलं. "यात धारच नाही," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं की तुम्ही दुकानदार असता तर कोणत्या मजकुराला घाबरला असता? पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे: "ग्राहक उद्धट आहे, शिव्या देतो, पैसे उकळायचे आहेत." दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर चिठ्ठीवरचं अक्षर आणि भोकातल्या चिपा यांचं काय करायचं ते सांगावं लागतं. "तुम्ही पाणी सांडलं असेल" हे दुकानदारांचं ठरलेलं उत्तर. तेही इथे निकामी होतं, कारण वॉटरप्रूफ प्लाय म्हणून विकलेली फळी फरशीच्या पाण्याने फुगली हीच तर तक्रार आहे. आणि कपाट घ्यायला निघालेला जो तिसरा माणूस हे वाचतो, त्याला एक गोष्ट कळते: पैसे देण्याआधी कापलेली कड बघायची. पहिल्या मजकुरातून त्याला फक्त एका माणसाचा राग कळला असता.

काकांच्या बोलण्यात एक खरी भीती होती, ती मी मान्य करते. आपल्याकडे शिवी टाळायला सांगितलं की लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. "महोदय, आपणांस नम्र विनंती की कृपया लक्ष घालून सहकार्य करावे ही अपेक्षा." असली पत्रं मी ढिगाने वाचली आहेत. त्यात तारीख नसते, रक्कम नसते, काय हवं ते नसतं, कधीपर्यंत हवं ते नसतं. ते पत्र बाजूला ठेवायला दुकानदाराला एक क्षणही लागत नाही. शिवी आणि अजिजी या दोन्हींत एकच उणीव आहे, दोन्हींत मागणी नसते. वरच्या मजकुरात कुठेही "कृपया" नाही, "विनंती" नाही, आणि अपमानही नाही. "मी तक्रार दाखल करणार आहे" हे वाक्य धमकीही नाही. ते कायद्याने दिलेल्या हक्काचं सांगणं आहे. मात्र ते लिहायचं तर करायची तयारी हवी. "टाळं लावीन", "बघून घेईन" ही न करण्याची वाक्यं आहेत आणि ती न करण्याचीच आहेत हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

कलमांची रास ओतण्यालाही माझा तितकाच विरोध आहे. त्या तरुणाने कुठेतरी वाचलं होतं की सदोष माल तीस दिवसांत परत घेतलाच पाहिजे, आणि ते मजकुरात टाकायचा त्याचा हट्ट होता. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, हे कायद्यात आहेच. पण त्याचं कपाट आलं 11 मे रोजी आणि पहिला निरोप गेला 4 जुलैला. तीस दिवस उलटून गेले होते. न लागू होणारा नियम टाकला असता तर दुकानदाराच्या वकिलाला पहिलंच वाक्य मिळालं असतं. त्याच्या प्रकरणाचा पाया वेगळा आहे: ज्या दर्जाचं सांगून विकलं त्या दर्जाचं नाही. त्यासाठी तक्रारीची मुदत, कारण घडल्यापासून, दोन वर्षांची आहे.

पहिला मजकूर काढताना आम्ही एक खबरदारी घेतली. मालकाने देऊ केलेले दोन हजार त्याने घेतले नाहीत. ते घेतले असते तर "तडजोड झाली" असं पुढे म्हणता आलं असतं. पहिला मजकूर त्याने स्वतःहून काढला, त्यातला फोटो आणि नंबर टाकल्याबद्दल मालकाला एका ओळीत दिलगिरी कळवली आणि त्याच निरोपात लिहिलं की कपाटाबद्दलची तक्रार कायम आहे. व्हॉट्सअॅपवरचे निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय बंद केली, जुनं सगळं संभाषण जपून ठेवलं, आणि फोन आला की बोलणं संपल्यावर लगेच "आत्ता फोनवर आपण असं म्हणालात" असा निरोप पाठवायचा, असं ठरवलं.

दुसऱ्या मजकुराला फोन आला नाही. सहा दिवसांनी दुकानाचा माणूस फीत घेऊन आला. घासाघीस झाली. दुकानदार एकच फळी बदलायला तयार होता. याने चिठ्ठी पुढे केली. शेवटी खालची आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या बदलून मिळाल्या, नव्या फळ्यांवरचा आयएसआयचा शिक्का लॅमिनेट चिकटवण्याआधी त्याला दाखवला गेला. उशिराबद्दल काही मिळालं नाही. एका कपाटावरून नियम सिद्ध होत नाही हे मला कळतं. असाच नेटका लिहिलेला मजकूर दुकानदाराने ढुंकूनही पाहिला नाही, असंही घडतं, आणि नेमकं खरं लिहूनही नोटीस येऊ शकते. पण मग फरक पुढच्या पायरीवर दिसतो.

ती पायरी अशी आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक; तिथे तक्रार नोंदवून घेतात आणि दुकानाला कळवतात. त्यांना हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण नोंदीचा क्रमांक मिळतो. त्यानंतर जिल्हा आयोग. 2019 च्या कायद्यापासून ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. आपल्या तिन्ही शहरांसाठी तो ठाण्याचाच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. आयोगाला जे हवं असतं ते म्हणजे कधी, किती, काय ठरलं, काय मिळालं, केव्हा कळवलं, काय उत्तर आलं, काय मागणी. दुसऱ्या मजकुरातला प्रत्येक परिच्छेद याच क्रमाने आहे. वर दोन्ही पक्षांची नावं आणि पत्ते, खाली प्रतिज्ञापत्र, सोबत फोटो आणि संभाषणाच्या प्रती, आणि मोबाईलवरच्या नोंदी पुरावा म्हणून द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र, एवढं जोडलं की तोच मजकूर तक्रार म्हणून दाखल होतो. पहिला मजकूर तिथे दाखल होतो तेव्हा तो दुकानदाराच्या जबाबाला जोडलेला असतो.

कपाट दुरुस्त झाल्यावर त्या तरुणाला मजकूर काढून टाकायचा होता. मी म्हटलं, राहू दे, फक्त खाली भर घाल. त्याने लिहिलं: "26 ऑगस्ट रोजी दुकानाने तीन फळ्या बीडब्ल्यूआर प्लायच्या बदलून दिल्या, वेगळे पैसे घेतले नाहीत. दारं तपासली, ती प्लायचीच आहेत. माझी तक्रार मिटली."